फोटोतला चीक

माझ्या मोबाइलवर येणारे झाडांचे फोटो यापुढे तुझ्याकडे वळवते आहे, पोरी. तू बॉटनी शिकलीस आणि तुझी नजर अजून धड आहे, ही दोन कारणं पुरेत. नात्यातल्या बायका, सोसायटीतले बागवेडे, गावचे बांधकरी, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "हे विषारी आहे का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर कधी देऊ नकोस. आधी उलट विचार की त्या झाडाला कुणी काय केलं. शेराची कुंडी कोपऱ्यात उभी असेल तर ती कुणाचं काही बिघडवत नाही. त्याच शेराची फांदी कुणी डोळ्याच्या उंचीवर कोयत्याने छाटली, तर दोन तासांत दवाखाना गाठायची वेळ येते. झाड फोटोत दिसतं, धोका मात्र त्या छाटण्यात असतो आणि छाटणं फोटोत येत नाही.

दुसरं म्हणजे पांढरा चीक बघून घाबरायचं नाही आणि तो दिसला नाही म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. कच्च्या चिकूला चीक असतो, उंबराला असतो, रताळ्याचा वेल तोडला की हाताला पांढरं लागतं, आणि पावसाळ्यात आपण आवडीने खातो ती पाथरीची भाजी तर खुडताना दुधाने बोटं चिकट करते. यातलं काहीही डोळा घालवणारं नाही. उलट अळूला दुधाचा थेंब नसतो, तरी कच्चं चिरताना हात खाजून निघतात. म्हणून चीक ही फक्त पहिली खूण धर. तो दिसला की पुढचा प्रश्न असतो घराण्याचा : हे युफोर्बियाचं आहे, रुईचं आहे, की वड-उंबराचं?

आपल्या देशावर युफोर्बियाच्या घराण्यातलं सगळ्यांत जास्त फोटोत येणारं झाड म्हणजे शेर. मूळ आफ्रिकेचा, पण सोलापूर-सांगलीकडच्या बांधांवर इतका रुळलाय की कुणाला तो परका वाटत नाही. शेळी तोंड लावत नाही, पाणी मागत नाही, काडी खोचली की जगते, मग कुंपणाला यापेक्षा बरं काय? शहरात हाच नर्सरीत 'पेन्सिल कॅक्टस' म्हणून कुंडीत मिळतो. त्याची शेंड्याकडे नारिंगी-लाल होणारी जातही हल्ली बाल्कनीत फार दिसते. नावात कॅक्टस आहे म्हणून लोक फसतात. कॅक्टसच्या कुळाशी याचा काही संबंध नाही, आणि ज्या खऱ्या कॅक्टसबरोबर याची गल्लत होते, त्यात चिकाचा थेंबही नसतो.

शेर फोटोत असा ओळख. काड्या गोल, गुळगुळीत, साधारण पेन्सिलीएवढ्या जाड. एका पेरावरून दोन-चार काड्या झुबक्याने फुटलेल्या, त्यांच्या टोकाला पुन्हा तसेच झुबके. पानं नाहीतच असं वाटतं, पण कोवळ्या शेंड्यावर फोटो मोठा करून पाहिलास तर जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची बारीक पानं सापडतात. ती लवकर गळतात आणि काडीवर बारका व्रण राहतो. तो व्रण दिसला की माझी खात्री पटते. जून खोडावर कधी वाळलेल्या चिकाचे पिवळसर-तपकिरी ओघळ असतात. कुणाला ताजी फांदी तोडून दाखवायला सांगण्यापेक्षा हे जुने ओघळ शोधणं कधीही बरं.

त्याच्यासारखी दिसणारी निरुपद्रवी झाडं मुख्यतः दोन. एक टांगत्या कुंडीतला मिसलटो कॅक्टस. त्याच्या काड्याही हिरव्या, गोल आणि बिनपानाच्या, पण सुतळीसारख्या बारीक, मऊ, स्वतःच्या भाराने खाली लोंबणाऱ्या. शेराची काडी वर जाते, याची खाली पडते. शिवाय याला मोत्याएवढी पांढरट फळं धरतात. दुसरी आपली कांडवेल, हाड मोडलं की लोक शोधत फिरतात ती. तिची कांडी चौकोनी, चारही कडांना पंख असलेली, पेरापाशी आवळलेली. पेरावर एखादं जाडसर पान आणि धरायला तणावा असतो. शेराला तणावा कधीच नसतो. कांडवेलीच्या रसाने हाताला खाज येते, पण तो रस पाण्यासारखा असतो आणि शेराच्या चिकाशी त्याची तुलनाच नाही. गावाकडून कुणी "कांडवेल आहे ना, वाटून लावू का" असं विचारत फोटो पाठवला, तर उत्तर देण्याआधी कांडीची धार दिसेल असा जवळचा फोटो मागव. गोल कांडी दिसली की आधी फोन कर, टाइप करत बसू नकोस.

काटेरी झाडांची गोष्ट वेगळी. निवडुंग म्हटलं की आपल्याकडे फड्या निवडुंगही आला आणि तीनधारी निवडुंगही, पण पहिला कॅक्टस आहे नि दुसरा युफोर्बिया. इथे काटा कुठून निघतो ते बघायचं. कॅक्टसचे काटे लोकरीच्या छोट्या गादीतून झुबक्याने येतात. युफोर्बियाचे काटे बहुधा जोडीने, कडेवरच्या टणक तुकड्यातून, आणि त्यांच्या बुडाशी लोकर नसते. फोटो तिरप्या उन्हात काढलेला असेल तर ही लोकर लख्ख दिसते. फड्या निवडुंगाला चीक नाही म्हणून त्यालाही मोकळं सोडू नकोस. त्याच्या गादीतली केसाएवढी कुसळं बोटांतून डोळ्यात जातात आणि ती काढायला डॉक्टरच लागतो.

फुलं असतील तर काम सोपं होतं. युफोर्बियाचं जे फूल वाटतं, ती खरं तर एक इवली वाटी असते. आत बरीच नरफुलं आणि मधोमध एकच मादीफूल. ते मादीफूल वाढलं की त्याचं फळ देठावर वाटीबाहेर येऊन वाकतं आणि त्याला तीन फुगीर कप्पे असतात. पॉइन्सेटियाची लाल पानं, काटेरी मिलीच्या लाल-गुलाबी पाकळ्या ही सगळी भोवतीची सजावट. त्यांच्या मधल्या पिवळ्या-हिरव्या बारीक वाट्यांवर कॅमेरा नेऊन फोटो काढायला सांग. तिथे तीन कप्प्यांचं फळ दिसलं आणि झाडाला पांढरा चीकही आहे, तर माझ्या लेखी प्रश्न संपला.

आता एक प्रसंग सांगते, कारण त्यात जवळजवळ सगळं येतं. मुंबईकडच्या एका इमारतीतल्या बाईंनी मे महिन्यात पेन्सिल कॅक्टसची कुंडी हलवली. फांदी ग्रिलमध्ये अडकून मोडली. त्यांनी तुकडे उचलले, हात ओढणीला पुसले, आणि उकाडा म्हणून त्याच ओढणीने कपाळावरचा घाम टिपला. अकराच्या सुमारास मला तीन फोटो आले : झाडाचा, फरशीचा आणि तळहाताचा. खाली लिहिलेलं, "हात बघा, काहीच झालं नाही ना?"

झाडाच्या फोटोत गोल काड्यांचे झुबके होते आणि मोडलेल्या टोकाला पांढरा थेंब. फरशीवर तसेच थेंब पडून कडेने पारदर्शक व्हायला लागले होते. शेरच, शंका नको. पण हाताच्या फोटोने मला काहीही सांगितलं नव्हतं. या चिकाची हीच खोड आहे. त्यातली त्वचेला पेटवणारी द्रव्यं लगेच काम करत नाहीत. लाली, आग आणि सूज यायला कित्येकदा दोन ते आठ तास जातात. लागल्यानंतर दहा मिनिटांनी काढलेला स्वच्छ हाताचा फोटो म्हणजे परीक्षा व्हायच्या आत निकाल मागणं. म्हणून मी त्यांना पहिला प्रश्न केला तो वेळेचा, दुसरा हात कुठे कुठे लागला त्याचा, आणि तिसरा लेन्स घालता का म्हणून. ओढणीची गोष्ट या दुसऱ्या प्रश्नातून बाहेर आली, फोटोतून नाही.

साबण लावून हात, नखांच्या कडा, मग पुन्हा नवा साबण घेऊन चेहरा आणि मान धुवायला सांगितलं. नुसत्या पाण्याने हा चीक नीट निघत नाही, चिकट होऊन पसरतो. ओढणी वेगळी भिजत घालायची, घरच्या कपड्यांत नाही. फरशीवरचे थेंब हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसायचे आणि ते फडकं टाकून द्यायचं, कारण घरात रांगतं मूल होतं. त्यांनी हे सगळं केलं. तरी दीडच्या सुमारास उजवा डोळा चुरचुरायला लागला. बहुतेक घामाबरोबर भुवईवरचं आत उतरलं असावं.

डोळ्याबाबत मात्र मी कुणाचाच फोटो बघत नाही, आणि तूही बघू नकोस. मोबाइलच्या फोटोत डोळा लाल दिसतो एवढंच कळतं. बुबुळाच्या पारदर्शक थराला ओरखडे गेलेत का, आत सूज आलीय का, हे दिसायला डॉक्टर रंगाचा थेंब घालतात आणि भिंगाच्या यंत्रातून बघतात. शेराच्या चिकाने आज थोडी आग आणि उद्या जास्त, असं बरेचदा होतं. पहिल्या तासाचा डोळा बघून पुढचा अंदाज बांधणं म्हणूनच चूक. त्या बाईंना एवढंच सांगितलं : आधी हात पुन्हा साबणाने धुवा, लेन्स काढा, नळाचं स्वच्छ पाणी सलग पंधरा ते वीस मिनिटं डोळ्यात सोडा. पापणी बोटाने उघडी धरायची आणि तो डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलतं ठेवायचं, म्हणजे धुतलेलं पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. मग आजच्या आजच नेत्रतज्ज्ञ, आणि जाताना झाडाचा फोटो सोबत. शेराचा चीक असं कारण कळलं की डॉक्टर कशाकडे लक्ष ठेवायचं ते लगेच ठरवतात.

गुलाबपाणी, मध, तूप, आईचं दूध हे सगळं सुचवणारे घराघरांत असतात. तिथे गप्प बसू नकोस, नाही म्हणून सांग. त्याहून वाईट म्हणजे फ्रिजमध्ये मागच्या वेळचे उरलेले थेंब. त्यात स्टेरॉइड असेल तर ते कधी द्यायचं आणि कधी अजिबात नाही, हे डोळा तपासून डॉक्टरच ठरवतात. जंतुसंसर्ग झालेला असताना घरच्या घरी टाकलं तर बुबुळाचं नुकसान वाढतं.

त्या बाईंच्या बुबुळावर थोडे ओरखडे निघाले. औषध घेतल्यावर आठवड्याभरात डोळा निवळला. शेराच्या बाबतीत वेळेवर धुतलं आणि उपचार झाले की बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत ठीक होतं. दुर्लक्ष केलं तर दृष्टी कायमची अधू झाल्याच्याही घटना आहेत.

कपाळाचा फोटो त्यांनी त्याच दिवशी संध्याकाळी पाठवला, तो ट्यूबलाइटखालचा. त्यात काही नव्हतं. मी त्यांना खिडकीपाशी जाऊन, फ्लॅश बंद करून, उजेड बाजूने पडेल असा फोटो काढायला सांगितलं, आणि दोन्ही भुवया एकाच चौकटीत आणायला लावल्या. त्या फोटोत उजव्या भुवईपासून कानशिलापर्यंत एक पट्टा चमकत होता, कातडी किंचित वर आलेली. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर लाली फोटोत नीट उतरत नाही. लाल शोधत बसलीस तर चुकशील. चकाकी शोध, सूज शोध, कातडीचा गडद झालेला किंवा जांभळट भाग शोध, आणि नेहमी दुसऱ्या बाजूशी ताडून बघ. पट्ट्याचा आकारही बोलका होता : घाम टिपताना ओढणी जशी ओढली तसाच तो होता. चीक उडाला असेल तर ठिपके दिसतात, ओघळला असेल तर मनगटाकडे उतरणाऱ्या रेघा दिसतात, बोटांनी खाजवलं असेल तर बोटांएवढे पट्टे. असा आकार न दिसता दोन्ही हात-पाय सारखेच उठलेले असतील, तर मी झाडाला दोष द्यायची घाई करत नाही. पित्त उठलं असेल, घामोळं असेल, आणखी काही असेल. मग ते डॉक्टरांचं काम.

त्वचेच्या फोटोत पाण्याने भरलेले फोड, पापणीची सूज, ओठांवर किंवा जननेंद्रियांजवळ लागलेलं, किंवा लहान मुलाच्या तोंडात गेलेलं असं काही कळलं, तर पुढचा फोटो मागत बसू नकोस, दवाखान्यात पाठव. तळहातावर थोडी आग आणि बाकी काही नाही, तर साबणाने धुवून सहा-आठ तासांनी त्याच उजेडात दुसरा फोटो मागव. एका फोटोपेक्षा दोन फोटोंमधला फरक जास्त सांगतो.

रुईबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे आपला नेहमीचा हिशेब उलटा पडतो. मारुतीच्या हारासाठी पानं-फुलं खुडताना चीक उडतो, माणूस डोळा चोळतो, फारसं दुखत नाही म्हणून सोडून देतो. काही तासांनी दिव्याभोवती धुकं दिसायला लागतं. रुईच्या चिकाने बुबुळाच्या आतल्या थराला इजा होते, आणि तोच चीक डोळा काही प्रमाणात बधिर करतो, म्हणून दुखणं कमी आणि नुकसान जास्त असं होतं. म्हणून रुईच्या बाबतीत "दुखतंय का?" हा प्रश्नच बाद. विचारायचं ते हे : एकेक डोळा झाकून समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचता येतात का, दोन्ही डोळ्यांनी सारखे स्पष्ट दिसतात का? फरक असेल तर लगेच पाठवायचं, नसेल तरी धुवून त्याच दिवशी दाखवायला सांगायचं. रुई ओळखायला तुला माझी गरज नाही. समोरासमोर जाड, राखट पांढुरकी पानं, देठ जवळजवळ नाहीच, आणि फुलाच्या मध्यावर पंचकोनी मुकुट.

बांधावरचा शेर छाटणारे लोकही अधूनमधून फोटो पाठवतात. त्यांना सांग की छाटणी कमरेच्या खालून करा, चष्मा किंवा गॉगल लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि वारा पाठीमागून असू द्या. डोक्यावरची फांदी ओढून तोडली की चीक थेट डोळ्यात गळतो, हे गावात जवळजवळ प्रत्येक कुंपणवाल्याने कधी ना कधी पाहिलेलं असतं. छाटलेला ढीग पेटवू नका म्हणून बजाव, धूरही डोळ्यांना झोंबतो. कोयता धुताना पात्यावरून हात फिरवायचा नाही, कारण वाळलेल्या चिकातही आग लावायची ताकद उरलेली असते.

आणि पावसाळा लागला की फोटो येतील ते घोळीचे. इथे धोका डोळ्याचा कमी आणि ताटाचा जास्त, पण गल्लत रोजची आहे. घोळ आणि तिची धाकटी बहीण चिगळ जमिनीलगत पसरतात, आणि त्यांच्यातच नायटी, म्हणजे दुधीही पसरते. वरून काढलेल्या फोटोत सगळं एकाच हिरव्या चटईसारखं दिसतं, म्हणून बाजूने, पेराजवळून काढलेला फोटो मागव. घोळीचं खोड जाड, गुळगुळीत, रसरशीत, बहुधा तांबूस, पानं चमच्यासारखी आणि मांसल, पिवळं फूल सकाळच्या उन्हात उघडतं. चिगळीची पानं बारीक नि समोरासमोर असतात, त्यामुळे ती नायटीसारखी वाटते, पण तिच्या पेरापेरावर पांढरे लांब केस असतात आणि पान चिमटलं तर रसाळ लागतं. नायटीचं पान पातळ, बुडाशी एका बाजूला जास्त फुगलेलं, मोठ्या नायटीचं खोड केसाळ, आणि पानांच्या बेचक्यात हिरवट-तांबूस बारक्या गोळ्या. फोटो मोठा केलास की त्या गोळ्यांत तेच तीन कप्प्यांचं फळ सापडतं.

फोटो धुरकट असेल तर ताणत बसू नकोस. भाजी निवडणारीला सांग, जुडीतली प्रत्येक काडी वेगवेगळी मोडायची आणि टोकाकडे बघायचं. घोळीतून स्वच्छ, किंचित बुळबुळीत पाणी येतं. नायटीच्या टोकावर मोडल्या मोडल्या टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा मणी उभा राहतो. पाणी उडून कोमेजलेल्या जुडीत तो मणी येत नाही, म्हणून बाजारातून आणलेली सुकलेली भाजी आधी अर्धा तास पाण्यात उभी ठेवायची आणि मगच मोडून बघायची. पांढरं निघालेल्या काड्या बाजूला काढल्यावर ज्या हातांनी त्या मोडल्या, ते हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचे नाहीत.